फळ्यावरच्या यादीपासून सटीप संदर्भसूचीपर्यंत

एम.ए. किंवा पीएच.डी.च्या वर्गात वाचनयादी छापील स्वरूपात क्वचितच हातात पडते. तास संपता संपता बाई फळ्यावर आठ-दहा नावे लिहितात, नाहीतर स्वतःच्या वहीचे पान पुढे करतात, आणि मुले मोबाइल वर करून फोटो काढून घेतात. पुढे केव्हातरी मार्गदर्शक सांगतात, "सटीप संदर्भसूची करून आणा. प्रत्येक नोंदीखाली एक ओळ हवी, हे वाचन तुमच्या विषयाला कशासाठी लागतंय त्याची." मग गॅलरीत खाली खाली जात तो फोटो शोधला जातो. त्या फोटोपासून त्या सूचीपर्यंत कसे जायचे, ते या लेखात एकच यादी घेऊन दाखवते.

यादी अशी आहे. विषय एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राचा. विद्यार्थिनीचा प्रश्न असा: ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना'त स्त्रीच्या स्थितीबद्दल लिहिताना जातीजातींतल्या फरकाचा विचार कुठवर केला? फोटोत दिसते ते एवढेच, त्यातले काही मराठीत आणि काही इंग्रजीत:

१. ताराबाई – स्त्रीपुरुषतुलना (मालशे)
२. ओ'हॅनलन ८५
३. ओ'हॅनलन – कंपॅरिझन, ९४
४. फुले स. वा. – सत्सार
५. … वीमेन टॉक डिफरन्टली, ईपीडब्ल्यू
६. चक्रवर्ती, रीरायटिंग हिस्टरी
७. ऑम्वेट, कल्चरल रिव्होल्ट
८. रमाबाई – हाय कास्ट

पाचव्या ओळीची सुरुवात फोटोच्या कडेला कापली गेली आहे. बाकीच्या ओळी पूर्ण दिसतात, पण एकीतही ग्रंथसूचीला लागणारी सगळी माहिती नाही. बाईंनी ही यादी आठवणीतून लिहिली आहे आणि त्यांना स्वतःला ती पुरेशी आहे. तुम्हाला मात्र यातली प्रत्येक ओळ पुन्हा शोधून काढावी लागणार आहे.

आधी जसेच्या तसे उतरवा

फोटो काढायची संधी अजून हातात असेल तर एक फोटो अख्ख्या फळ्याचा घ्या आणि नंतर जवळून दोन-तीन घ्या. जवळचे फोटो एकमेकांवर थोडे चढतील असे काढा, म्हणजे कडेची अक्षरे एकात नाही तर दुसऱ्यात सापडतात. पांढऱ्या फळ्यावर ट्यूबलाइटचा उजेड चमकतो आणि नेमके मधले दोन शब्द गायब होतात. अशा वेळी फ्लॅश बंद ठेवून एक पाऊल बाजूला सरकले की पुरते. वहीच्या पानाचा फोटो असेल तर पानावर आपलीच सावली पडत नाही ना, ते पाहा.

आता उतरवून घेणे. आठ-दहा ओळींसाठी सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका, हाताने टाइप करा. हस्ताक्षर ओळखण्यात यंत्र इतके चुकते की दुरुस्तीला जास्त वेळ जातो. यादी छापील आणि चार-पाच पानांची असेल तर मात्र अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर उपयोगी पडते. टेसरॅक्ट हे मोफत आहे. मराठी-इंग्रजी मिसळलेल्या पानासाठी दोन्ही भाषा सांगाव्या लागतात:

```
tesseract yadi.jpg yadi -l mar+eng
```

यातून `yadi.txt` ही फाइल तयार होते. ती फोटोशेजारी उघडून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागतेच. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांची अदलाबदल होते, आणि आकड्यांत १ आणि ९ यांची. आकड्यांची चूक जास्त घातक, कारण शब्दातली चूक डोळ्याला खुपते, पण १९१० च्या जागी १९९० आले तर ते कुणालाच खटकत नाही.

उतरवताना एक शिस्त पाळा: काहीही दुरुस्त करायचे नाही. बाईंनी 'हाय कास्ट' एवढेच लिहिले असेल तर तेवढेच उतरवा. जे दिसत नाही तिथे तीन टिंबे द्या, जे नीट वाचता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह द्या. ही कच्ची प्रत वेगळ्या फाइलमध्ये, फोटोच्याच नावाने, ठेवून द्या. पुढे एखादी नोंद चुकीची निघाली तर चूक फळ्यावर होती, वाचताना झाली की शोधताना झाली, हे या प्रतीवरूनच कळते. उतरवतानाच मनाने पूर्ण केलेली ओळ पुन्हा तपासता येत नाही, कारण मुळात काय होते याचा पुरावाच उरलेला नसतो.

मग ओळख पटवा

सर्वांत जास्त वेळ या टप्प्यात जातो आणि जायलाही हवा. नियम साधा आहे. लेखक, शीर्षक, वर्ष, प्रकाशक या चारांपैकी निदान दोन गोष्टी फोटोतल्या ओळीशी जुळल्याशिवाय 'सापडले' म्हणायचे नाही. एकच गोष्ट जुळत असेल तर ते उमेदवार पुस्तक समजायचे.

दुसरी आणि तिसरी ओळ घ्या. दोन्हीकडे आडनाव एकच, रोझलिंड ओ'हॅनलन. दुसऱ्या ओळीत शीर्षकच नाही, फक्त ८५ आहे. ग्रंथालयाच्या तालिकेत लेखिकेच्या नावाने शोधले की १९८५ चे एकच पुस्तक समोर येते: 'कास्ट, कॉन्फ्लिक्ट अँड आयडियॉलॉजी', महात्मा जोतीराव फुले आणि पश्चिम भारतातला कनिष्ठ जातींचा विरोध या विषयावरचे, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसचे. तिसऱ्या ओळीतले 'कंपॅरिझन' म्हणजे 'अ कंपॅरिझन बिटवीन वीमेन अँड मेन', ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, १९९४. इथे आडनाव, शीर्षकाचा तुकडा आणि वर्ष अशा तीन गोष्टी जुळल्या, शंकेला जागा नाही. या आडनावातल्या वरच्या स्वल्पविरामामुळे काही तालिकांत शोध अडतो. चिन्हासकट, चिन्हाशिवाय आणि मध्ये जागा सोडून, अशा तिन्ही प्रकारे शोधून पाहा.

सहाव्या ओळीत अडचण निराळी आहे. 'रीरायटिंग हिस्टरी' एवढेच टाइप केले तर जगभरातली पुस्तके समोर येतात, कारण हे शब्द कितीतरी लेखकांनी वापरले आहेत. उमा चक्रवर्ती हे पूर्ण नाव जोडले की 'रीरायटिंग हिस्टरी: द लाइफ अँड टाइम्स ऑफ पंडिता रमाबाई' मिळते, काली फॉर वीमेन, दिल्ली, १९९८. इथे उपशीर्षकाचे महत्त्व कळते. पुस्तक रमाबाईंबद्दल आहे हे मुख्य शीर्षकातून कळतच नाही. तुमच्या सूचीत उपशीर्षक गाळले तर ते वाचणाऱ्यालाही कळणार नाही. सातव्या ओळीचेही तसेच. गेल ऑम्वेट यांच्या 'कल्चरल रिव्होल्ट इन अ कलोनियल सोसायटी' (१९७६) या पुस्तकाचा विषय म्हणजे पश्चिम भारतातली ब्राह्मणेतर चळवळ, आणि तिचा १८७३ ते १९३० हा काळ, दोन्ही उपशीर्षकात आहेत.

आठवी ओळ पंडिता रमाबाईंच्या 'द हाय-कास्ट हिंदू वूमन'ची. पुस्तक १८८७ मध्ये फिलाडेल्फियात निघाले. तालिकेत 'पंडिता' या शब्दाखाली शोधाल तर कदाचित काहीच मिळणार नाही. मोठ्या ग्रंथालयांत त्यांची नोंद 'रमाबाई सरस्वती, पंडिता' अशी लावलेली असते. पंडिता ही उपाधी आहे, म्हणून तुमच्या सूचीतही त्यांचे नाव 'प'खाली लावू नका, 'र'खाली लावा.

मराठी पुस्तके इंग्रजी तालिकेत शोधताना लिप्यंतर फार दमवते. 'स्त्रीपुरुषतुलना' कुठे एक शब्द, कुठे दोन, कुठे तीन. शोध असा द्या:

```
"stri purush tulana" OR "stripurush tulana" OR "stripurushtulana"
```

अमेरिकी ग्रंथालयांत मराठी शब्दातला न उच्चारलेला 'अ'सुद्धा लिहितात, 'महाराष्ट्रातील'चे `Maharashtratila` होते. त्यामुळे वरच्या शोधातून काही निघाले नाही तर `Stripurushatulana` असेही पाहा. फुले यांच्या आडनावाचे स्पेलिंग बहुतेक ठिकाणी `Phule` असते, पण धनंजय कीर यांच्या १९६४ च्या इंग्रजी चरित्राच्या शीर्षकात ते `Phooley` आहे. एकाच स्पेलिंगवर विसंबलात तर असे चरित्र हातचे निसटते.

कापलेली ओळ

पाचवी ओळ जरा सावकाश पाहू. '… वीमेन टॉक डिफरन्टली, ईपीडब्ल्यू'. ईपीडब्ल्यू म्हणजे 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'. त्याचे जुने अंक जेस्टोरवर आहेत. विषय लक्षात घेतला तर कापलेला शब्द 'दलित' असावा, असा अंदाज कुणीही करील. मग शोध असा:

```
ti:"dalit women talk differently"
```

उत्तरात दोन लेख येतात. पहिला गोपाळ गुरू यांचा, 'दलित वीमेन टॉक डिफरन्टली', १९९५, खंड ३०, पृष्ठे २५४८ ते २५५०. दुसरा शर्मिला रेगे यांचा, १९९८, खंड ३३, अंक ४४. त्याचे शीर्षक याच चार शब्दांनी सुरू होते आणि पुढे उपशीर्षक आहे: 'अ क्रिटीक ऑफ डिफरन्स अँड टुवर्ड्स अ दलित फेमिनिस्ट स्टँडपॉइंट पोझिशन'. रेगे यांनी गुरूंच्या लेखाचे शीर्षक मुद्दाम घेऊन त्यातली चर्चा पुढे नेली आहे. म्हणजे शीर्षकाचे शब्द आणि नियतकालिक अशा दोन गोष्टी जुळूनही ओळख पटलेली नाही. वरच्या नियमाची मर्यादा इथे दिसते: जुळलेल्या दोन गोष्टी दोन वेगळ्या लेखांना सारख्याच लागू पडत असतील तर तिसरी शोधावीच लागते.

ती फोटोत आहे का, आधी ते पाहायचे. कापलेल्या कडेला एखाद्या अक्षराचा शेवटचा भाग दिसतो का? वर्षाचे दोन आकडे कुठे आहेत का? वर्गातल्या दुसऱ्या कुणाच्या फोटोत ती कड आली आहे का? हा प्रश्न वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर पाच मिनिटांत सुटतो, पण तो टाकायचे सुचत नाही. एवढे करूनही निकाल लागला नाही तर बाईंना विचारा, पण प्रश्न नेमका हवा. "पाचवं पुस्तक कुठलं होतं?" असे विचारले तर त्यांनाही आठवणार नाही. "बाई, ईपीडब्ल्यूमधला गुरू सरांचा ९५ चा लेख म्हणाला होतात की रेगे मॅडमचा ९८ चा?" असे विचारले की एका शब्दात उत्तर मिळते. ते मिळेपर्यंत सूचीत दोन्ही ठेवा आणि दोन्हींपुढे खूण करा. दोन्ही मिळून अकरा पाने आहेत, उत्तराची वाट पाहता पाहता वाचून होतात.

रेगे यांच्या लेखाची पृष्ठे `WS39` ते `WS46` अशी छापलेली आहेत. टाइप करणाऱ्याला ही चूक वाटते आणि तो अक्षरे काढून ३९ ते ४६ करतो. तसे करू नका. साप्ताहिकात स्त्री-अभ्यासाची पुरवणी असे, तिची पाने वेगळी मोजली जात आणि आकड्याआधीची अक्षरे त्या पुरवणीची आहेत. ती काढली तर वाचणारा अंकाचे एकोणचाळिसावे पान उघडेल आणि तिथे त्याला दुसराच लेख दिसेल.

कोणती आवृत्ती?

पहिली आणि चौथी ओळ वाचायला सोपी, पण नोंदवायला अवघड आहे. 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ मध्ये पुण्यात छापली गेली आणि पुढे विस्मरणात गेली. स. गं. मालशे यांनी ती संपादित करून १९७५ मध्ये पुन्हा उजेडात आणली. कंसातल्या 'मालशे' या एका शब्दाचा अर्थ एवढा आहे. तुम्ही वाचणार ते बहुधा १९७५ चे पुस्तक, पण त्यातला मजकूर १८८२ चा. दोन्ही वर्षे नोंदीत आली पाहिजेत. फक्त १९७५ लिहिले तर ताराबाई विसाव्या शतकातल्या लेखिका वाटतात. फक्त १८८२ लिहिले तर तुम्ही दिलेले पृष्ठक्रमांक त्या वर्षीच्या प्रतीत सापडणार नाहीत. नोंद अशी होते:

शिंदे, ताराबाई. स्त्रीपुरुषतुलना. १८८२. संपा. स. गं. मालशे. मुंबई: मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १९७५.

चौथ्या ओळीतले 'स. वा.' म्हणजे महात्मा फुले समग्र वाङ्मय, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेले. पहिली आवृत्ती १९६९ ची, कीर आणि मालशे यांच्या संपादनाखाली. १९९१ ची आवृत्ती य. दि. फडके यांनी संपादित केलेली. त्यांतले पृष्ठक्रमांक सारखे असतील असे धरून चालू नका. कॉलेजच्या ग्रंथालयात एक आवृत्ती आणि शिक्षकांकडे दुसरी, असे सर्रास असते, आणि मग "पान चुकलंय" म्हणून सूची परत येते. हातातल्या प्रतीचे मुखपृष्ठामागचे पान उघडा, तिथला आवृत्तीचा तपशील पाहा आणि तोच लिहा. त्या पानाचाही फोटो काढून ठेवा. पृष्ठक्रमांकांवर भर द्यायचा नसेल तर कृतीचे नाव द्या. 'सत्सार' ही १८८५ मध्ये दोन अंकांत निघालेली छोटी पुस्तिका आहे. 'सत्सार, अंक २' असे लिहिले की कोणत्याही आवृत्तीत ती सापडते.

या टप्प्यात झोटेरोसारखे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर एवढे लक्षात घ्या. आयएसबीएन दिला की ते इंग्रजी पुस्तकाची माहिती आपोआप भरते. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन नसतो, आणि नव्यांची माहिती आली तरी अनेकदा रोमन लिपीत येते. मराठी नोंदी हातानेच देवनागरीत भरा. फळ्याचा फोटो आणि कच्ची प्रत त्याच संग्रहात जोडून ठेवता येते, तेही करा.

एक ओळ लिहायची म्हणजे काय वाचायचे

ओळख पटली की मगच टीप. ही एक ओळ लिहायला अख्खे पुस्तक वाचावे लागते का? नाही, पण पुस्तक हातात घ्यावे लागते. मलपृष्ठावरचा मजकूर किंवा दुकानाच्या संकेतस्थळावरचा परिचय पुरत नाही. त्यांत पुस्तकाबद्दल लिहिलेले असते, तुमच्या प्रश्नाबद्दल काही नसते.

मी विद्यार्थ्यांना हा क्रम सांगते. आधी अनुक्रमणिका. मग प्रस्तावनेची शेवटची दोन-तीन पाने, कारण पुढच्या प्रकरणांत काय आहे ते लेखक बहुधा तिथे सांगतो. नंतर मागची शब्दसूची उघडून आपल्या प्रश्नातले शब्द शोधायचे. आपल्या उदाहरणात ते 'ताराबाई शिंदे', 'विधवा', 'पुनर्विवाह', 'मराठा' हे असतील. कुठल्या शब्दापुढे किती पाने आहेत यावरून पुस्तकाचा कल लगेच कळतो. शेवटी त्यांतली दोन-तीन पाने खरोखर वाचायची. एका पुस्तकाला अर्धा-पाऊण तास लागतो. मराठी पुस्तकांना अनेकदा शब्दसूचीच नसते, तिथे मात्र चाळण्यापलीकडे गत्यंतर नाही आणि वेळ दुप्पट धरावा. लेखाचे काम सोपे: पहिली दोन पाने, उपशीर्षके आणि शेवटचे पान.

आता ओळ. पहिल्या प्रयत्नात बहुतेकजण असे लिहितात: "या पुस्तकात लेखिकेने एकोणिसाव्या शतकातील स्त्रियांच्या परिस्थितीचे अभ्यासपूर्ण विवेचन केले असून ते माझ्या विषयासाठी अत्यंत उपयुक्त आहे." हे वाक्य यादीतल्या आठही नोंदींखाली चालेल, म्हणून ते एकाही नोंदीखाली चालणार नाही. तुमची टीप उचलून दुसऱ्या नोंदीखाली ठेवून पाहा. तिथेही ती शोभत असेल तर टीप अजून लिहिलेली नाही.

चांगल्या ओळीत दोन गोष्टी असतात: या साधनात माझ्या प्रश्नासाठी नेमके काय आहे, आणि ते मी कुठे वापरणार. कुठला भाग, तेही सांगता आले तर उत्तम. वीस ते तीस शब्द पुरतात. ओ'हॅनलन यांच्या १९९४ च्या पुस्तकाचे पाहू. त्यात 'स्त्रीपुरुषतुलना'चे पूर्ण इंग्रजी भाषांतर आहे आणि आधी दीर्घ प्रस्तावना आहे. मराठी वाचणाऱ्या विद्यार्थिनीला भाषांतराची फारशी गरज नाही, तिला प्रस्तावना हवी आहे. म्हणून तिची ओळ अशी असेल:

"प्रस्तावना महत्त्वाची: ताराबाईंचे घर, सत्यशोधक वर्तुळ आणि त्या काळातला विधवांवरचा वाद यांची मांडणी, पहिल्या प्रकरणाची पार्श्वभूमी यावर उभी राहील. मूळ मजकूर मात्र मालशे आवृत्तीतून."

हीच नोंद इंग्रजीतून काम करणाऱ्या, मराठी न येणाऱ्या संशोधकाच्या सूचीत असती तर भाषांतर पहिले आले असते आणि ओळ पूर्ण वेगळी झाली असती. पुस्तक तेच, प्रश्न वेगळा, म्हणून टीप वेगळी. याच कारणाने दुसऱ्याच्या सूचीतली टीप उचलून चालत नाही.

'सत्सार'ची ओळ: "दुसऱ्या अंकात फुले ताराबाईंच्या पुस्तकाची टीकाकारांपुढे बाजू घेतात; सत्यशोधकांनी या पुस्तकाचे स्वागत कसे केले याचा समकालीन पुरावा, दुसऱ्या प्रकरणासाठी." चौथी ओळ वाचताना बाईंनी अख्ख्या समग्र वाङ्मयातून हीच पुस्तिका का निवडली ते इथे उलगडते. यादी कशी विचारपूर्वक केली आहे हेही अशा ठिकाणी कळते.

ओ'हॅनलन यांचे १९८५ चे पुस्तक यादीत आहे, पण ताराबाई हा त्याचा विषय नाही. ते फुले आणि सत्यशोधक विचारांच्या जडणघडणीवर आहे. ओळीत हे सरळ लिहा: "ताराबाईंवर नव्हे, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन होईपर्यंतची वैचारिक पार्श्वभूमी समजण्यासाठी, प्रस्तावनेपुरते." ज्याचा उपयोग मर्यादित आहे त्याबद्दल मर्यादा लिहिणे हीसुद्धा उपयोगाचीच टीप आहे. मार्गदर्शकाला अशा ओळीवरून कळते की विद्यार्थिनीने पुस्तक उघडून पाहिले आहे.

रमाबाईंच्या पुस्तकाची ओळ तुलनेवर बेतावी लागेल. शीर्षकातच 'हाय-कास्ट' आहे, म्हणजे वरच्या जातीच्या स्त्रीपुरतेच बोलायचे हे रमाबाईंनी आधीच ठरवले आहे. ताराबाई अशी मर्यादा घालून घेत नाहीत. "पाच वर्षांनी आलेले, वरच्या जातींतल्या स्त्रीपुरते मर्यादित असे विवेचन, ताराबाईंची व्याप्ती कुठे वेगळी ते दाखवण्यासाठी शेजारी ठेवून वाचायचे." चक्रवर्तींच्या पुस्तकातले पेशवाईतल्या जात, स्त्री आणि राज्यसत्तेवरचे सुरुवातीचे प्रकरण या प्रश्नाला रमाबाईंच्या चरित्रभागापेक्षा जास्त लागते, तसे ओळीत म्हणावे. रेगे यांच्या लेखाबद्दल लिहिताना तो १९९८ चा आहे हे विसरू नका. तो विश्लेषणाची चौकट देतो, १८८२ चा पुरावा देत नाही. पुरावा आणि चौकट यांत गल्लत झाली की प्रबंधातही ती तशीच उतरते.

पुस्तक अजून हाती आलेच नसेल तर ओळीच्या जागी 'पाहिले नाही' असे लिहा आणि कुठल्या ग्रंथालयात आहे ते नोंदवा. अंदाजाने लिहिलेली ओळ दोन महिन्यांनी तुम्हालाच खरी वाटू लागते.

मांडणी

नोंदी कोणत्या पद्धतीने लिहायच्या ते विभागात विचारून घ्या. एमएलए, एपीए, शिकागो यांपैकी जी सांगतील ती, पण सगळीकडे तीच. मराठी आणि इंग्रजी नोंदी एकत्र असतील तर दोन भाग करा. मराठी भाग आडनावाच्या अकारविल्हे लावा, इंग्रजी भाग रोमन वर्णक्रमाने. फळ्यावरचा क्रम सूचीत ठेवू नका, पण फेकूनही देऊ नका. बाईंनी ताराबाईंचे मूळ पुस्तक पहिले लिहिले होते, ते आधी वाचावे म्हणून. कच्च्या प्रतीतला तो क्रम वाचनासाठी पाळा आणि अकारविल्हे क्रम सादर करण्यासाठी ठेवा.

सूची देण्यापूर्वी फोटो शेवटचा एकदा उघडा आणि त्यातली प्रत्येक ओळ सूचीत कुठे गेली ते बोट ठेवून मोजा. आठ ओळींच्या या यादीतून नऊ नोंदी निघतात, कारण पाचवीचा निकाल अजून बाईंकडून यायचा आहे. तो आल्यावरही जो लेख यादीत नव्हता तो काढून टाकायची घाई करू नका. दोन्ही वाचून झालेच असतील, तर कोणता ठेवायचा ते तुमच्या प्रश्नावरून ठरवा आणि यादीबाहेरचा ठेवलात तर टिपेत तसे लिहा.